एनओसी मिळाली म्हणजे फ्लॅट नावावर झाला असं नाही : शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफरचे टप्पे, क्रमाने

ठाण्यातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी काही वर्षं सचिव होतो. त्या काळात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडला. फ्लॅट घेऊन दीड-दोन वर्षं राहिलेलं कुटुंब कार्यालयात येतं आणि म्हणतं, "सर्वसाधारण सभेची नोटीस आम्हाला का येत नाही?" रजिस्टर उघडून बघितलं की सदस्य म्हणून जुन्या मालकाचंच नाव असतं. ते लोक चकित होतात. "पण सोसायटीने एनओसी दिली होती की!"

हा गोंधळ इतका सर्रास आहे की आधी तोच सोडवतो. खरेदीखत नोंदणी झाल्यावर फ्लॅटमधला हक्क तुमच्याकडे येतो. संस्थेचे शेअर्स आणि सदस्यत्व मात्र आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, समितीचा ठराव, नोंदवहीतली नोंद आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला सही-शिक्का लागतो. एनओसी हे त्याआधीचं एक पत्र आहे, आणि बहुतेक वेळा ते बँकेला किंवा खरेदीदाराला दाखवण्यापुरतंच असतं.

पुढे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट पुनर्विक्रीत घेतला, म्हणजे बिल्डरकडून नाही तर एका सदस्याकडून दुसऱ्याने घेतला, या प्रकाराबद्दल आहे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेले उपविधी, म्हणजे तिच्या कारभाराचे नियम, वेगळे असतील तर त्यांची प्रत मागून पडताळा. बहुतेक ठिकाणी शासनाचे नमुना उपविधीच लागू असतात.

टप्पा १ : टोकन देण्याआधी सर्टिफिकेट हातात घेऊन बघा

झेरॉक्स नाही, मूळ सर्टिफिकेट. पुढच्या बाजूला संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, सर्टिफिकेट क्रमांक, शेअर्सची संख्या आणि त्यांचे अनुक्रमांक असतात. नंतर उलटं करा. खरी माहिती मागे असते.

मागे एक तक्ता छापलेला असतो. हस्तांतरणाची तारीख, कोणाकडून कोणाकडे, नव्या सदस्याचा नोंदवहीतला क्रमांक, आणि शेवटी अध्यक्ष, सचिव व समितीच्या एका सदस्याची सही. फ्लॅट आधी दोनदा विकला गेला असेल तर दोन ओळी भरलेल्या दिसायला हव्यात. शेवटच्या ओळीतलं नाव आणि तुम्हाला फ्लॅट विकणाऱ्याचं नाव एकच असलं पाहिजे.

एक प्रकरण सांगतो, पुढे सगळ्या टप्प्यांत तेच वापरू. फ्लॅट ३०४, सर्टिफिकेट क्रमांक २७, प्रत्येकी ५० रुपयांचे १० शेअर्स, अनुक्रमांक २६१ ते २७०. विकणारे पती-पत्नी, घेणारंही एक तरुण जोडपं. मागच्या तक्त्यात एकच ओळ होती, मूळ सदस्याकडून या पती-पत्नीकडे. नावं दोघांची होती, म्हणजे सह्याही दोघांच्या लागणार हे तिथेच ठरलं. विकणारे काका म्हणत होते, "व्यवहार मीच बघतो, हिची सही कशाला?" ती लागतेच. नाव ज्यांचं, सही त्यांची.

तपासा: विकणाऱ्याचं नाव मागच्या तक्त्यात नसेल, म्हणजे त्याने घेतला तेव्हा ट्रान्सफर केलंच नसेल, तर आधी ते पूर्ण करून घ्या. मधली कडी वगळून थेट तुमच्या नावावर नोंद घेताना समिती अडते, आणि त्यात समितीची चूक नसते.

तपासा: सर्टिफिकेटवरची एक व्यक्ती हयात नसेल तर नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनीला संस्था तात्पुरतं सदस्य करून घेऊ शकते, पण त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही. वारसांची कागदपत्रं वकिलाला दाखवा आणि मगच पुढे जा.

सर्टिफिकेट हरवलं असेल तर विकणाऱ्याने आत्ताच, त्याच्या नावाने, दुय्यम प्रत काढून घ्यावी. त्यासाठी पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, क्षतिपूर्ती बंधपत्र आणि समितीचा ठराव असं सगळं लागतं. "नंतर देतो काढून" हे ऐकून पैसे मोजू नका.

टप्पा २ : कोणती एनओसी हवी ते ठरवा

"सोसायटीची एनओसी" म्हणजे एकच कागद असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तीन वेगळी पत्रं त्या एका नावाखाली मागितली जातात.

पहिलं, येणं बाकी नसल्याचं आणि विक्रीला हरकत नसल्याचं पत्र. नमुना उपविधींमधल्या ३८ व्या उपविधीत स्पष्ट म्हटलंय की शेअर्स हस्तांतरणासाठी संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही. मात्र विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ते हवं असेल तर त्याने अर्ज करावा आणि समितीने महिन्याभरात त्यावर विचार करावा. म्हणजे "एनओसी घेतली नाही म्हणून आम्ही सदस्यत्व देणार नाही" असं समितीला म्हणता येत नाही. तरीही मी हे पत्र घ्यायलाच सांगतो. विकणाऱ्याची थकबाकी किती, त्याच्याशी काही वाद चालू आहे का, हे व्यवहाराआधी लेखी समजण्याचा तोच सरळ मार्ग आहे. थकबाकी असेल तर ती चुकती झाल्याशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि ती नंतर तुमच्याच गळ्यात येते.

दुसरं, तुमच्या बँकेच्या नावाने लिहिलेलं पत्र. फ्लॅट तारण ठेवायला संस्थेची हरकत नाही आणि बँकेचा बोजा संस्था आपल्या दप्तरी नोंदवेल, असा त्यातला मजकूर असतो. यासाठी बँकेचा स्वतःचा मसुदा असतो. सोसायटीचं नेहमीचं पत्र नेलं की बँक परत पाठवते. म्हणून बँकेकडून मसुदा आधी घ्या आणि अर्जाला जोडा.

तिसरं, बाहेरच्या प्राधिकरणाचं. सिडको किंवा म्हाडाची भाडेपट्ट्याची जमीन असेल, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर त्यांची परवानगी आणि शुल्क हा वेगळा विषय आहे. सोसायटीची एनओसी त्याची जागा घेत नाही. अशा जमिनीवर ती परवानगी आधी आणि करार नंतर, हा क्रम उलटा करू नका.

टप्पा ३ : एनओसीचा अर्ज आणि मिळालेल्या पत्राची तपासणी

अर्ज विकणाऱ्याने करायचा असतो, कारण तोवर सदस्य तोच आहे. शेअर्स हस्तांतरित करण्याच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीसही त्यानेच द्यायची. नमुना उपविधींमध्ये ती परिशिष्ट २०(१) मध्ये आहे, आणि घेणाऱ्याचं संमतीपत्र २०(२) मध्ये. एनओसीचा अर्ज आणि ही नोटीस एकत्रच दिली की एक फेरी वाचते. दोन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला अर्ज हा अर्ज नसतो. उद्या समिती बदलली की तो कोणालाच आठवत नाही.

पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. जावक क्रमांक आणि तारीख, फ्लॅट क्रमांक, सगळ्या सदस्यांची पूर्ण नावं, सर्टिफिकेट क्रमांक आणि शेअर्सचे अनुक्रमांक, देखभाल खर्च कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे, आणि सही-शिक्का. फ्लॅट ३०४ च्या पत्रात पहिल्यांदा फक्त काकांचं नाव आलं होतं, काकूंचं राहिलं. बँकेने ते परत केलं. नवं पत्र मिळेपर्यंत आठ दिवस गेले आणि नोंदणीची ठरवलेली तारीख हुकली.

थांबा: विकणाऱ्याने पूर्वी कर्ज घेतलं असेल तर सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्या बँकेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटलं तरी ती नोंद आपोआप निघत नाही. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र सोसायटीला देऊन नोंद रद्द करून घ्यावी लागते. काकांचं कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं होतं, मूळ सर्टिफिकेटही घरी आलं होतं, पण बँकेचं पत्र कपाटातच पडून होतं. एनओसीच्या वेळी हे निघालं म्हणून बरं.

टप्पा ४ : नोंदणीच्या दिवशीच विकणाऱ्याच्या सगळ्या सह्या घ्या

या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे रखडलेली प्रकरणं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. करार नोंदवला, पैसे पोचले, आणि विकणारा गावी किंवा परदेशी मुलाकडे निघून गेला. ट्रान्सफरच्या फॉर्मवर त्याची सही हवी असते. फोन लागत नाही, लागला तर "पुढच्या महिन्यात येतो" असं उत्तर मिळतं. त्याच्या दृष्टीने व्यवहार संपलेला असतो.

सोसायटीकडून ट्रान्सफर फॉर्मचा संच आधीच आणून ठेवा. त्यात विकणाऱ्याचे कागद असे : शेअर्स आणि हक्क हस्तांतरणाचा अर्ज, सदस्यत्वाचा राजीनामा, आणि नोटीस आधी दिली नसेल तर ती. तुमचे कागद असे : सदस्यत्वाचा अर्ज, संमतीपत्र, आणि फ्लॅट कशासाठी वापरणार व संस्थेची देणी पाळणार याची हमीपत्रं. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमचा नंबर लागेपर्यंत वेळ असतोच. विकणाऱ्यांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या तिथेच बसून घ्या. करारावर जशी सही केली तशीच फॉर्मवरही करायला सांगा. काका करारावर मराठीत सही करत होते आणि फॉर्मवर सवयीने इंग्रजीत. आम्ही वेळेवर थांबवलं.

मूळ शेअर सर्टिफिकेट शेवटचा हप्ता देताना ताब्यात घ्या, आणि करारात तसं लिहा. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणाच्या वेळी शुल्काशिवाय संस्था घेते ती रक्कम, कोण भरणार हेही करारातच लिहा. निम्मं-निम्मं वाटून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण लिहिलेलं नसेल तर तोंडी बोलण्यावर वाद होतो.

तपासा: कर्ज घेत असाल तर रक्कम सुटण्याआधी बँकेला एक प्रश्न विचारा, सर्टिफिकेट ट्रान्सफर करून मग जमा केलं तर चालेल का? बऱ्याच वेळा चालतं, मुदत मिळते. जुन्या नावाचं सर्टिफिकेट एकदा बँकेच्या तिजोरीत गेलं की फक्त मागे नोंद करून घेण्यासाठी ते बाहेर काढायला अर्ज आणि फेऱ्या कराव्या लागतात.

टप्पा ५ : सोसायटीत अर्ज, आणि पैसे नेमके किती

नोंदणी झालेल्या कराराची प्रत, सूची क्रमांक २, मूळ शेअर सर्टिफिकेट, सह्या झालेला फॉर्मचा संच आणि ओळखपत्रांच्या प्रती असं सगळं एका फाइलमध्ये द्या. वर एक पत्र ठेवा, त्यात प्रत्येक कागदाचं नाव ओळीने लिहा, आणि त्या पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. मूळ सर्टिफिकेट दिल्याचा उल्लेख त्या यादीत असायलाच हवा. देण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा.

तुमच्या अर्जातली नावं करारातल्या नावांच्या क्रमानेच लिहा. पहिलं नाव कोणाचं याला अर्थ आहे, सभेच्या नोटिसा आणि मतदान त्याभोवती फिरतं. फ्लॅट ३०४ च्या जोडप्याने करारात पत्नीचं नाव पहिलं ठेवलं होतं आणि अर्जात सवयीने पतीचं. अर्ज बदलून घ्यावा लागला.

आता रक्कम. नमुना उपविधींनुसार हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये. त्याशिवाय प्रीमियम, जो सर्वसाधारण सभेने ठरवायचा, पण शासनाने घातलेल्या मर्यादेत. ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार महानगरपालिका क्षेत्रात ही कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, आणि नगरपालिका व ग्रामपंचायत क्षेत्रांत त्याहून कमी. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नाही. सर्वसाधारण सभेने १०,००० ठरवले असतील तर १०,००० च द्यायचे. फ्लॅट ३०४ च्या बाबतीत सभेने पूर्ण मर्यादा ठरवलेली होती, म्हणून एकूण २५,६०० रुपये झाले. कुटुंबातल्या सदस्याकडे, नॉमिनीकडे किंवा वारसाकडे हस्तांतरण असेल तर प्रीमियम लागत नाही.

थांबा: "इमारत निधी", "ऐच्छिक देणगी", "लिफ्ट फंडासाठी मदत" अशा नावाने याहून जास्त मागितलं तर उपविधी त्याला परवानगी देत नाहीत. ऐच्छिक म्हणायचं आणि ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायचा नाही, हे मी स्वतः समितीत असताना ऐकलं आहे आणि त्याला विरोध केला आहे. शांतपणे म्हणा, "सर्वसाधारण सभेच्या ज्या ठरावाने ही रक्कम ठरली त्याची प्रत द्या." बहुतेक वेळा मागणी तिथेच थांबते. पैसे संस्थेच्या नावाच्या धनादेशाने किंवा संस्थेच्या बँक खात्यातच भरा, आणि पावतीवर तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या.

टप्पा ६ : समितीचा ठराव, आणि उत्तर आलं नाही तर

अर्ज परिपूर्ण असेल तर सचिव तो समितीच्या सभेपुढे ठेवतो, त्रुटी असतील तर कळवतो. त्रुटी तोंडी सांगितल्या तर लेखी मागा. एकेका फेरीला एकेक नवा कागद मागण्याचा प्रकार त्याने थांबतो.

अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवायचा असतो. नाकारला तर कारणांसह कळवायचं. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तुम्हाला सदस्यत्व मिळालं असं मानलं जातं. पोचेवरच्या तारखेला म्हणूनच एवढं महत्त्व आहे. तिच्याशिवाय तीन महिने कुठून मोजायचे? मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात दाद मागता येते. तिथेही पहिल्यांदा ती पोचच मागतात.

फ्लॅट ३०४ चा अर्ज २४ जूनला आला, ११ जुलैच्या सभेत ठराव झाला. कागद पूर्ण असले की एवढाच वेळ लागतो.

टप्पा ७ : सर्टिफिकेट परत घेताना

ठराव झाला की तीन गोष्टी व्हायला हव्यात. सदस्यत्व दिल्याचं आणि शेअर्स तुमच्या नावावर केल्याचं पत्र, सदस्य नोंदवहीत, म्हणजे ज्याला सगळे आय रजिस्टर म्हणतात त्यात, तुमची नोंद, आणि सर्टिफिकेटच्या मागच्या तक्त्यात नवी ओळ. सदस्य म्हणून हक्क बजावता येतात ते या पत्रापासून, त्यामुळे ते जपून ठेवा.

सर्टिफिकेट हातात आल्यावर मागची ओळ बोट ठेवून वाचा. नावाचं स्पेलिंग करारासारखं आहे का, तारीख ठरावाच्या सभेशी जुळते का, नोंदवहीचा क्रमांक भरलाय का, तिन्ही सह्या आहेत का, आणि संस्थेचा शिक्का आहे का. फक्त सचिवाची सही घेऊन आनंदाने निघून गेलेले लोक मी पाहिले आहेत. पुढे तेच सर्टिफिकेट बँकेने परत पाठवलं, तोवर अध्यक्ष बदलले होते, आणि नव्या अध्यक्षांनी जुन्या तारखेखाली सही करायला नकार दिला. त्यांनी योग्यच केलं. खाडाखोड झाली असेल तर तिच्याशेजारीही सही घ्या.

त्याच दिवशी नॉमिनेशनचा फॉर्म भरून द्या. जुन्या मालकाचं नॉमिनेशन तुम्हाला लागू होत नाही. पार्किंगचीही चौकशी करा. संस्थेने वाटलेली जागा जुना सदस्य तुम्हाला "फ्लॅटबरोबर" देऊ शकत नाही, तिच्यासाठी समितीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पुढच्या महिन्याचं देखभालीचं बिल कोणाच्या नावाने येतं ते बघा. ते अजून जुन्याच नावाने आलं तर हिशेबाच्या खात्यात नाव बदलायचं राहिलं आहे, तेव्हा लेखी कळवा.

मग सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, बँकेत जमा करा, आणि बँकेकडून मूळ कागद मिळाल्याची पोच घ्या. त्या पोचेत सर्टिफिकेटचा क्रमांक आणि शेअर्सचे अनुक्रमांक लिहून घ्या. वीस वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा बँकेकडे काय मागायचं ते त्या कागदावरून कळेल.